sin⁻¹ x चं डेरिव्हेटिव्ह : त्रिकोण काढला, उत्तर आलं, पण रूटच्या पुढचं प्लस-मायनस कुठं गेलं?

रंकाळा_चक्कर
बारावी सायन्सला आहे, राजारामपुरीत क्लासला जातो. काल सरांनी sin⁻¹ x चं डेरिव्हेटिव्ह शिकवलं. y = sin⁻¹ x धरलं, मग sin y = x लिहिलं, दोन्ही बाजू x च्या हिशोबानं डिफरन्शिएट केल्या की cos y · dy/dx = 1 येतं, म्हणजे dy/dx = 1/cos y. इथपर्यंत सगळं डोक्यात शिरलं. मग सरांनी फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला, एका कोपऱ्यात y, समोरची बाजू x, कर्ण 1, आणि उरलेली बाजू पायथागोरसनं √(1−x²). म्हणून cos y = √(1−x²), म्हणून उत्तर 1/√(1−x²), फळा पुसला, पुढचं गणित.

माझं अडलंय ते असं. x = −0.6 असेल तर समोरची बाजू −0.6 लांबीची कशी काढायची? आणि त्रिकोण बाजूला ठेवला तरी cos²y = 1−x² वरून cos y = ±√(1−x²) यायला पाहिजे ना, मग मायनस गेलं कुठं? शेजारी बसणारा म्हणतो की तेच मायनस पुढं cos⁻¹ x च्या फॉर्म्युल्यात वापरतात. मला काय पटेना. सरांना विचारलं असतं पण तोवर ते tan⁻¹ वर पोचले होते.

शॉर्टकट_मास्तर
भावा एवढा विचार करशील तर सीईटीला पन्नास गणितं नव्वद मिनिटांत कधी करणार. √ हे चिन्ह नेहमी पॉझिटिव्हच असतं, √9 म्हणजे 3, −3 नव्हे, त्यामुळं मायनसचा प्रश्नच येत नाही. आणि cos⁻¹ मधलं मायनस cos च्या डेरिव्हेटिव्हमधनं येतं. तीन फॉर्म्युले आहेत, पाठ कर, विषय संपला. मी त्रिकोण कधीच काढत नाही.

शिरोली_टूलरूम
नमस्कार मंडळी, हितं sin⁻¹ चं चाललंय म्हणून घुसलो. आमी टूलरूममदी रोज हेच करतोय. कॅल्क्युलेटरवर आधी शिफ्ट दाबायचं मग sin, म्हंजे sin⁻¹ होतंय. साईन बार म्हंजे दोन टोकांना रोलर असलेली पट्टी, रोलरमदलं अंतर २०० मिमी, एका रोलरखाली स्लिप गेज म्हंजे नेमक्या उंचीचे ठोकळे लावायचे, गेजची उंची भागिले २००, त्याचं sin⁻¹ काढलं की कोन. पोराला कोन निगेटिव्ह येत असंल तर गेज दुसऱ्या रोलरखाली लावायची, एवढंच.

माझा पण एक प्रश्न हाय. आमच्या जुन्या फोरमननं सांगून ठेवलंय की ४५ अंशाच्या वर साईन बार लावायचा न्हाई. का ते कुणी सांगितलं न्हाई. कुणाला ठावं असंल तर सांगा.

रंकाळा_चक्कर
@शिरोली_टूलरूम काका, माझा प्रश्न कॅल्क्युलेटरचा नव्हता, डेरिव्हेटिव्हचा होता. पण तुमची गेज दुसऱ्या बाजूला लावायची आयडिया भारी आहे, त्रिकोण उलटा होतो ना मग?

काटकोन
शॉर्टकट_मास्तर, तुमचं पहिलं वाक्य बरोबर आहे पण ते या प्रश्नाचं उत्तर नाही. √(1−x²) पॉझिटिव्ह असतं हे सगळ्यांनाच मान्य. प्रश्न असा आहे की cos y ची किंमत √(1−x²) एवढी आहे का −√(1−x²) एवढी. ते रूटच्या चिन्हावरून ठरत नाही, ते y कुठं आहे त्यावरून ठरतं.

रंकाळा, आकडे घेऊन बघ, म्हणजे लगेच दिसेल. sin y = 0.6 असे कोन शोध. एक 36.87° आणि दुसरा 143.13°, दोघांचाही sine 0.6 च. पण पहिल्याचा cosine +0.8 आणि दुसऱ्याचा −0.8. म्हणजे तुझं ± तिथं खरोखरच आहे, ते कुणी गायब केलेलं नाही. आता फोनवर 0.6 चं sin⁻¹ काढ, 36.87 च येणार, 143.13 कधीच येणार नाही. का, तर sin⁻¹ ला फंक्शन करायचं म्हणजे एका x ला एकच y द्यावा लागतो, आणि त्यासाठी आपण ठरवून टाकलंय की y फक्त −π/2 ते π/2 मधलाच घ्यायचा. या पट्ट्यात cosine कधी निगेटिव्ह होत नाही. मायनस तिथं मेलं. तुमच्या सरांनी ही एक ओळ तोंडानं म्हटली असेल, नाहीतर लिहायची राहिली असेल, पण सगळ्या सिद्धतेत खरं काम करणारी ओळ तीच आहे.

त्रिकोणाला हे कळत नाही. त्याच्याकडं फक्त लांब्या असतात आणि लांबी निगेटिव्ह नसते. म्हणून त्रिकोणाकडनं आकडा घ्यायचा आणि चिन्ह पट्ट्याकडनं घ्यायचं.

x = −0.6 चं पण तसंच. त्रिकोण x-अक्षाच्या खाली पाड, चौथ्या चरणात, उभी बाजू खाली 0.6 जाते, आडवी बाजू उजवीकडंच 0.8 राहते. टूलरूमवाल्यांनी नकळत हेच सांगितलं, बार उलट्या बाजूनं उचलला तरी त्याची आडवी बाजू तेवढीच. म्हणून x = 0.6 ला डेरिव्हेटिव्ह 1/0.8 = 1.25 आणि x = −0.6 ला पण 1.25 च.

आता गंमत म्हणून उलटं करून बघ. समजा कुणी हट्टानं ठरवलं की माझा y π/2 ते 3π/2 मधला असेल. ते सुद्धा चालतं, फंक्शन होतं. मग 0.6 ला y = 143.13°, cosine −0.8, आणि डेरिव्हेटिव्ह −1.25. सगळी रीत तीच, त्रिकोण तोच, फॉर्म्युला मात्र −1/√(1−x²).

रंकाळा_चक्कर
हां, आता कळलं. म्हणजे sine चा आलेख आडवा पाडला की तो वर जाताना एकदा उजवीकडं जातो आणि मग परत डावीकडं फिरतो, त्यातला उजवीकडं जाणारा तुकडाच आपण ठेवलाय, म्हणून उतार पॉझिटिव्ह.

मग cos⁻¹ ला मी असं केलं : cos y = x, −sin y · dy/dx = 1, dy/dx = −1/sin y. त्रिकोणात शेजारची बाजू x, कर्ण 1, समोरची √(1−x²). sin y = √(1−x²). उत्तर −1/√(1−x²). म्हणजे मायनस cos च्या डेरिव्हेटिव्हमधलंच, ± मधलं नव्हे. बरोबर?

शॉर्टकट_मास्तर
मी वर हेच लिहिलंय. वाचत जा.

मंगळवार_पेठ_ताई
रंकाळा, उत्तर बरोबर आहे, आणि मास्तर, तुमचंही ते वाक्य बरोबर होतं. पण एक जागा अजून मोकळी राहिली आहे बाळा. तुझा x परत −0.6 कर. cos y = −0.6 म्हणजे y = 126.87°. आता मला असा काटकोन त्रिकोण काढून दाखव ज्याच्या एका कोपऱ्यात 126.87° आहे.

नाही निघणार. ९० चा एक कोन आधीच खर्च झालेला, उरलेल्या दोघांत मिळून ९० च. sin⁻¹ ला निदान त्रिकोण खाली पाडून भागलं, इथं कोनच त्रिकोणात मावत नाही. मी घरी ट्यूशन घेते, तर मुलं इथं गुपचूप 53.13° चा त्रिकोण काढतात, उत्तर बरोबर येतं म्हणून कुणी काही बोलत नाही.

बरोबर का येतं ते सांगते. 126.87° चा किरण दुसऱ्या चरणात जातो. त्याचं टोक x-अक्षावर सरळ खाली सोडायचं, जो त्रिकोण होतो त्याच्यात कोन 180° − y म्हणजे 53.13° असतो, आडवी बाजू डावीकडं 0.6 आणि उभी बाजू वर 0.8. cosine डावीकडं गेला म्हणून निगेटिव्ह, sine वर आहे म्हणून पॉझिटिव्ह. cos⁻¹ ला पट्टा 0 ते π घेतलाय आणि त्या पूर्ण पट्ट्यात sine कधी निगेटिव्ह नसतो, म्हणून sin y = +√(1−x²). तर cos⁻¹ मध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एक मायनस जे cos चं डेरिव्हेटिव्ह घेताना आलं, आणि एक प्लस जे पट्ट्यानं दिलं. शेजारचा मुलगा या दोघांची खिचडी करतोय.

अजून एक बघ, मला हे फार आवडतं. तुझा sin⁻¹ चा पहिला त्रिकोण परत घे, समोरची बाजू x, कर्ण 1. त्याच त्रिकोणातला दुसरा लघुकोन कोणता? त्याची शेजारची बाजू x आहे, म्हणजे तो cos⁻¹ x. दोघांची बेरीज ९०. x जरा वाढवला की एक कोन जेवढा फुगतो तेवढाच दुसरा आकसतो. म्हणून एकाचं डेरिव्हेटिव्ह दुसऱ्याच्या बरोबर उलट्या चिन्हाचं यायलाच पाहिजे, वेगळं गणित करायची पण गरज नाही. आणि x निगेटिव्ह असला तरी बेरीज ९० च राहते, −0.6 ला बघ, −36.87 आणि 126.87.

एप्सिलॉन_डेल्टा
सगळं छान चाललंय पण एक कुसपट काढतो. sin y = x चं दोन्हीकडनं डेरिव्हेटिव्ह घेताना तुम्ही dy/dx आहे असं गृहीत धरलंय. ते आहे हेच सिद्ध केलेलं नाही. इम्प्लिसिट डिफरन्शिएशन फक्त एवढं सांगतं की डेरिव्हेटिव्ह असेल तर ते इतकं असेल.

काटकोन
मान्य. म्हणूनच बारावीच्या पुस्तकात आधी इन्व्हर्स फंक्शनचं प्रमेय येतं, dx/dy शून्य नसेल तर dy/dx असतं आणि ते 1/(dx/dy) एवढं असतं, आणि मग हे फॉर्म्युले. पेपरात सिद्धता विचारली तर ती dx/dy ≠ 0 ची अट लिहावी.

पण तुमच्या कुसपटाचा एक फायदा आहे. x = 1 ला बघा. y = π/2, cos y = 0. cos y · dy/dx = 1 या ओळीत घाला, 0 गुणिले काहीतरी = 1. म्हणजे तिथं डेरिव्हेटिव्ह असूच शकत नाही, असतं तर 0 = 1 झालं असतं. आलेख त्या टोकाला सरळ उभा होतो. फॉर्म्युल्यात पण खाली शून्य येतं, दोन्ही गोष्टी जुळतात. x = −1 ला पण तेच.

शॉर्टकट_मास्तर
tan⁻¹ ला यातलं काहीच नाही बघा. tan y = x, sec²y · dy/dx = 1, sec²y = 1 + tan²y = 1 + x². झालं 1/(1+x²). ना रूट ना त्रिकोण ना पट्टा. म्हणून मी म्हणतो की सगळं त्याच्यातच बदलून घ्यायचं. x = tan θ घाला, निम्मी गणितं अशीच सुटतात.

काटकोन
tan⁻¹ बद्दल शंभर टक्के सहमत, आणि कारण पण तुमच्याच ओळीत आहे. त्रिकोणात समोरची x, शेजारची 1, कर्ण √(1+x²), त्यावरून sec y = √(1+x²), आणि लगेच त्याचा वर्ग होतो, मग sec y चं चिन्ह काहीही असो, फरक पडत नाही. पट्टा बदलला तरी चालतं. tan च्या सगळ्या फांद्या एकमेकींपासून π अंतरावर, समांतर, एकीचा उतार तोच दुसरीचा. sine च्या फांद्या आळीपाळीनं वर-खाली वळतात म्हणून तिथं पट्टा बघावा लागतो.

पण "सगळं त्याच्यातच बदलून घ्यायचं" याला माझा विरोध आहे. तुमच्या आवडीचंच गणित देतो. y = sin⁻¹( 2x/(1+x²) ). x = 2 ला dy/dx किती?

शॉर्टकट_मास्तर
हे तर पाठ आहे. x = tan θ, आत sin 2θ होतं, sin⁻¹ आणि sin उडाले, y = 2θ = 2 tan⁻¹ x, dy/dx = 2/(1+x²). x = 2 ला 2/5 म्हणजे 0.4. पाच सेकंद.

मंगळवार_पेठ_ताई
मास्तर, फोन घ्या हातात. x = 2 ला आतली किंमत 4/5 = 0.8, sin⁻¹ घेतलं की 53.13°. x = 3 ला आतली 6/10 = 0.6, sin⁻¹ 36.87°. x वाढला आणि y कमी झाला. मग डेरिव्हेटिव्ह प्लस 0.4 कसं?

रंकाळा_चक्कर
थांबा थांबा, मी सरळ चेन रूलनं करून बघतो. बाहेरचं 1/√(1 − 4x²/(1+x²)²). रूटच्या आत वर (1+x²)² − 4x² उरतं, ते (1−x²)² होतं. रूट घेतलं की… (1−x²)/(1+x²)? का |1−x²|/(1+x²)?

काटकोन
मॉड्युलस. तुझा पहिला प्रश्न इथं फळाला आला. x = 2 ला 1−x² = −3, आणि रूट −3 देणार नाही, 3 देणार. पुढं चालव.

रंकाळा_चक्कर
आतल्या भागाचं डेरिव्हेटिव्ह 2(1−x²)/(1+x²)². दोन्ही गुणले की

dy/dx = 2(1−x²) / ( |1−x²| (1+x²) )

|x| < 1 असेल तर 2/(1+x²), आणि |x| > 1 असेल तर −2/(1+x²). x = 2 ला −0.4. आणि x = 1 ला तर वर-खाली दोन्हीकडं शून्य. डावीकडनं येताना उतार 1, उजवीकडं −1, म्हणजे तिथं टोक आहे, डेरिव्हेटिव्ह नाही. अरे हे लई भारी आहे.

काटकोन
शाब्बास. मास्तरांची रीत कुठं घसरली ते पण बघ. "sin⁻¹ आणि sin उडाले" या चार शब्दांत. x = 2 ला θ = 63.43°, 2θ = 126.87°. हा कोन −90 ते 90 च्या पट्ट्यात बसत नाही, म्हणून sin⁻¹(sin 126.87°) हे 126.87° नसून 53.13° आहे. म्हणजे y = π − 2θ. त्याचं डेरिव्हेटिव्ह घेतलं की मायनस आपोआप येतं. x = tan θ घालणं चूक नाही, उडवायच्या आधी 2θ पट्ट्यात आहे का हे न बघणं चूक.

शॉर्टकट_मास्तर
बरं बरं. पण पर्यायांत −2/(1+x²) असतं तर आम्ही बघितलं असतं. बहुतेक ठिकाणी 2/(1+x²) हाच एक जवळचा पर्याय असतो, तोच टिक करायचा, आणि सीईटीला निगेटिव्ह मार्किंग पण नाही. अट दिली नसेल तर लहान x समजायचा.

मंगळवार_पेठ_ताई
अट दिली नसेल तर प्रश्नच अर्धवट आहे, समजायचं कशाला. लेखी पेपरात मी मुलांना |x| < 1 असं स्वतः लिहायला लावते.

शॉर्टकट_मास्तर
आणि तपासणाऱ्यानं विचारलं की ही अट कुठनं आणली, मग?

मंगळवार_पेठ_ताई
मग दोन्ही केस लिहा. दोन ओळी जास्त लागतात.

शिरोली_टूलरूम
तुमचं चालूंद्या पण माझ्या ४५ अंशाचं काय झालं? वरचं वाचून मी स्वतःच एक प्रयत्न केला. कोन म्हंजे sin⁻¹(h/200). गेज ०.०१ मिमीनं चुकली तर कोन किती चुकंल ते ह्या फॉर्म्युल्यानं काढलं. ३० अंशाला h = 100, cos 0.866, तर 0.01 भागिले 200 × 0.866, आलं 0.0000577. म्हंजे अंशाचा इतका बारका भाग, एका अंशाचे ३६०० सेकंद, त्या हिशोबानं ०.२ सेकंद. एवढी बारीक चूक कोण बघतंय? ह्यात भ्यायचं काय?

काटकोन
दादा, मांडणी एकदम अचूक, फक्त शेवटचा आकडा रेडियनमध्ये आहे, अंशात नाही. sine चं डेरिव्हेटिव्ह cosine हे फक्त रेडियनमध्येच खरं असतं, म्हणून त्यातनं निघालेले हे तिन्ही फॉर्म्युले पण रेडियनचेच. अंश पाहिजेत तर 57.3 नं गुणा, 0.0000577 × 57.3 = 0.0033 अंश, म्हणजे जवळपास १२ सेकंद. ताळा करायचा तर डिग्री मोडवर 100.01/200 चं sin⁻¹ काढा, 30.0033 येईल.

आता कोन वाढवत न्या, ०.०१ ची चूक तीच ठेवून. बार जवळजवळ आडवा असेल तर १० सेकंद. ३० ला १२. ६० अंशाला cos 0.5 होतो, चूक २१ सेकंद. ८० अंशाला cos फक्त 0.174, चूक ५९ सेकंद, म्हणजे एक मिनिटच. तुमच्या फोरमनचं म्हणणं त्या खालच्या cos y मध्ये आहे. बार जसजसा उभा होतो तसतशी आडवी बाजू आखडत जाते, आणि आपण भागतोय त्याच बाजूनं. वर x = 1 ला डेरिव्हेटिव्ह नाही म्हटलं ते तुमच्याकडं असं दिसतं. ४५ ला काही एकदम बिघडत नाही हां, तिथं चूक साधारण १५ सेकंद, कुठंतरी रेघ मारायची म्हणून तिथं मारली आहे.

शिरोली_टूलरूम
आत्ता टाळक्यात शिरलं. स्लिप गेज स्वतः एवढी चुकत न्हाई, ती मायक्रॉनमदी असतीया, पण रोलरखाली धूळ न्हाईतर चिप अडकली की ०.०१ कुठंच जात न्हाई. म्हणूनच ७० अंशाचा जॉब आला की आमी तो अँगल प्लेटवर उभा करून २० अंश मोजतोय, ९० मधनं वजा.

मंगळवार_पेठ_ताई
दादा, म्हणजे तुम्ही त्याच त्रिकोणातला दुसरा लघुकोन मोजता. वर मी cos⁻¹ बद्दल लिहिलं तेच.

शिरोली_टूलरूम
व्हय व्हय ताई. पण मग एक सांगा, बेरीज ९० असल्यावर दोघांची चूक पण सारखीच यायला पाहिजे म्हणालात. एक फुगला की दुसरा तेवढाच आकसतो. मग २० मोजून माझा फायदा कसा काय झाला?

काटकोन
दादा, हा प्रश्न इथल्या सगळ्यांत चांगला आहे. ७० अंशासाठी बार लावला तर h = 187.94 आणि आडवी बाजू 68.40. त्याच बारवरचा वरचा २० चा कोन मोजला असतात तर काहीही फायदा नव्हता, चूक तेवढीच, कारण ती अजून त्याच उंचीवरून येतेय. तुम्ही बारच वेगळा लावता, h = 68.40 आणि आडवी बाजू 187.94. म्हणजे आता गेजनं लहान बाजू मोजता आणि भागाकाराला मोठी बाजू येते. ७० ला चूक ३० सेकंद होती ती ११ वर येते. फक्त अँगल प्लेट स्वतः ९० ला पक्की पाहिजे, तिची चूक यात धरलेली नाही.

एप्सिलॉन_डेल्टा
सगळे जागे आहात तोवर sec⁻¹ x पण घ्या. माझ्याकडच्या एका पुस्तकात 1/(|x|√(x²−1)) आहे आणि एका परदेशी पुस्तकात मॉड्युलस नाहीच, नुसतं 1/(x√(x²−1)). छापखान्याची चूक?

काटकोन
नाही, दोन्ही बरोबर. दोघांचे पट्टे वेगळे आहेत. x = −2 घाला. आपल्याकडं पट्टा 0 ते π, y = 120°, sec y · tan y = (−2)(−√3), पॉझिटिव्ह. त्यांनी निगेटिव्ह x साठी π ते 3π/2 घेतलाय, y = 240°, (−2)(√3), निगेटिव्ह. आकडा 1/(2√3) तोच, चिन्ह वेगळं.

एप्सिलॉन_डेल्टा
मग चांगला पट्टा कुठला? मला त्यांचा वाटतो, मॉड्युलसची कटकट नाही.

मंगळवार_पेठ_ताई
मला आपला. 0 ते π ठेवलं की sec⁻¹ x = cos⁻¹(1/x) सरळ लागू होतं, त्यांच्याकडं −2 ला 240° आणि cos⁻¹(−1/2) ला 120°, ते जुळत नाही.

शॉर्टकट_मास्तर
सीईटीला कुठला धरायचा तेवढं सांगा.

मंगळवार_पेठ_ताई
0 ते π. आणि मॉड्युलस विसरू नका मास्तर.